पाच सेकंदांच्या रीलवरची ओळ वाचून होत नाही : कारणं आणि दुरुस्ती

रील पाच सेकंदांची, त्यावर एक सुंदर ओळ, आणि खाली प्रतिक्रिया येते : ‘काय लिहिलं होतं? वाचायच्या आधीच गेलं.’ मग पुढच्या वेळी अक्षरं मोठी केली जातात, रंग बदलला जातो, फॉन्ट बदलला जातो, तरी तीच तक्रार परत येते. तक्रार परत येण्याचं कारण सहसा एकच असतं. ओळ लिहिणाऱ्याला ती पाठ असते. तो आपली रील पाहतो तेव्हा वाचत नाही, पहिला शब्द दिसला की पुढचं आठवतो. त्यामुळे त्याला पाच सेकंद भरपूर वाटतात. नव्याने पाहणाऱ्याला तेवढ्याच वेळात आधी चित्र कळायला हवं, मग मजकूर कुठे आहे ते दिसायला हवं, मग तो वाचून व्हायला हवा आणि शेवटी अर्थ लागायला हवा. म्हणून नजरेने अंदाज बांधू नका. मोजा.

शब्द मोजू नका, अक्षरं मोजा

इंग्रजीतल्या सूचना शब्दांच्या हिशोबात असतात : इतक्या सेकंदांत इतके शब्द. मराठीत तो हिशोब फसतो, कारण आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटवतो. ‘घर’ हाही एक शब्द आणि ‘घराघरांतल्यांसाठी’ हाही एकच. अ‍ॅपमध्ये दिसणारा कॅरेक्टरचा आकडाही कामाचा नाही. तो काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं धरतो. ‘गोव्यातल्या’ या शब्दाचे तो 11 कॅरेक्टर दाखवतो. डोळ्याला मात्र गो, व्या, त, ल्या अशी चारच अक्षरं दिसतात. मोजायची ती ही अक्षरं. जोडाक्षर एक धरायचं, मात्रेसकट.

आता वेळ. पाच सेकंदांतला पहिला सुमारे 0.8 सेकंद चित्र ओळखण्यात आणि मजकूर शोधण्यात जातो. शेवटचा अर्धा सेकंद ओळ मनात बसायला हवा, नाहीतर वाचून होतं आणि लगेच रील पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उरले 3.7 सेकंद. चालत्या चित्रावरचा मजकूर सावकाश, ओढाताण न होता वाचायचा तर सेकंदाला पाच अक्षरं हा वेग धरावा. म्हणजे हिशोब 18 अक्षरांवर येतो. टीव्हीच्या सबटायटलमध्ये दोन भरलेल्या ओळींना सहा सेकंद द्यायचे असा जुना नियम आहे. त्याच्याशीही हा वेग साधारण जुळतो.

चित्र अगदी स्थिर असेल आणि शब्द रोजच्या बोलण्यातले असतील तर 22 पर्यंत जाता येतं. शब्द जड असतील, ‘कृतज्ञता’, ‘निसर्गसौंदर्य’ अशा वळणाचे, तर 15 वरच थांबावं. गोव्यातल्या प्रेक्षकांसाठी आम्ही 18 च्या वर जाऊच नका असं म्हणू. प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून आणि पुढचं सगळं इंग्रजीतून, असा इथे सर्रास क्रम असतो. अशा वाचकाला मराठी उत्तम कळते, पण देवनागरी वाचायचा रोजचा सराव सुटलेला असतो. वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या आईवडिलांपेक्षा त्याला त्याच ओळीला जास्त वेळ लागतो.

आकड्यांपाशी विशेष सांभाळा. आकडा दिसतो छोटा, पण मनात तो पूर्ण उच्चारला जातो. गोवा मुक्तिदिनाच्या रीलवर ‘19 डिसेंबर 1961’ एवढंच लिहिलं तरी वाचणारा ‘एकोणीस डिसेंबर एकोणीसशे एकसष्ट’ असं वाचतो. ती चार, चार आणि नऊ अशी 17 अक्षरं झाली. पाच सेकंदांचा सगळा वाव तारखेनेच खाल्ला. तिच्यासोबत आणखी एक भावपूर्ण ओळ ठेवली की दोन्ही अर्धवट वाचली जातात. एकतर तारीख हाच मजकूर ठेवा, नाहीतर तारीख कॅप्शनमध्ये टाका. ओळीखाली कुणाचं नाव द्यायचं असेल तर तेही मोजणीत धरायचं, अक्षरं कितीही बारीक असली तरी.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून

चवथीची रील आहे. घरातली माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला बांधलेली कांगलां, कवंडळं अशी रानफळं, सुपारीचे घड, आणि खाली गणपती. तयार झालेली ओळ अशी :

‘माटोळीला बांधलेली प्रत्येक रानफळाची जुडी म्हणजे आपल्या डोंगराने आपल्या घरी पाठवलेला आहेर असतो’

मोजली तर 13 शब्द, 44 अक्षरं. सेकंदाला पाच या वेगाने वाचायला 8.8 सेकंद, आधीचे-नंतरचे 1.3 धरून दहा सेकंदांहून थोडं जास्तच. म्हणजे पाहणाऱ्याने रील दोनदा पाहिली तरच ओळ पूर्ण होते, आणि दुसऱ्यांदा पाहताना आपण कुठवर आलो होतो ते शोधावं लागतं. त्यात मजकूर टाइपरायटरसारखा एकेक अक्षराने उमटवलेला, त्यात दोन सेकंद गेले. शेवटी अर्धा सेकंद तो विरत जातो. पूर्ण ओळ पडद्यावर असते ती फक्त अडीच सेकंद. एवढ्या वेळात साडेबारा अक्षरं वाचून होतात, म्हणजे ‘रानफळाची’पाशी पोचेपर्यंत खेळ संपतो.

आता छाटणी. सगळ्यात आधी जे चित्रात दिसतंच आहे ते काढायचं. ‘बांधलेली प्रत्येक रानफळाची जुडी’ हे सगळं पडद्यावर लोंबतं आहे. ते सांगण्यात 14 अक्षरं जातात. मग ‘असतो’ काढायचं. मराठीत अशा वाक्याचं क्रियापद गाळलं तरी वाक्य लंगडं होत नाही, उलट म्हणीसारखं घट्ट होतं. दोन्ही ‘आपल्या’ गेले. ‘घरी’ काढताना थोडं थांबावंसं वाटतं, पण आहेर येतो तो घरीच येतो, त्यामुळे अर्थ हलत नाही. उरलं :

‘माटोळी म्हणजे
डोंगराने पाठवलेला आहेर’

पाच शब्द, 18 अक्षरं. ‘माटोळी’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. फक्त गोव्यातल्यांसाठी रील असती तर तोही गाळता आला असता, कारण चित्रावरूनच कळतं. पण सावंतवाडीच्या पुढे गेलं की हा शब्द माहीत नसणारे मराठी वाचक भेटतात, आणि त्यांना ओळीतूनच अंदाज यायला हवा.

ओळ कुठे मोडली आहे तेही पाहा. अ‍ॅपवर सोडलं तर ते जागा संपेल तिथे मोडतं आणि ‘आहेर’ एकटाच खाली लटकतो. किंवा ‘माटोळी म्हणजे डोंगराने’ एका ओळीत आणि ‘पाठवलेला आहेर’ दुसरीत जातं. तेव्हा डोंगराने काय केलं हे कळायला डोळ्याला उडी मारावी लागते. जिथे बोलताना श्वास घेऊ तिथेच हाताने एन्टर मारायचा. पहिल्या ओळीवर कशाबद्दल बोलतो आहोत ते, दुसरीवर काय म्हणायचं आहे ते.

आधी या रीलमध्ये चार शॉट होते, प्रत्येकी सव्वा सेकंदाचे. शॉट बदलला की नजर अक्षरांवरून चित्राकडे जाते आणि परत येऊन जागा शोधते. चार शॉट म्हणजे हे तीनदा. वाचून व्हायला 0.8 अधिक 3.6, म्हणजे 4.4 सेकंद लागणार. त्यानंतर शॉट बदलायचा तर हातात 0.6 सेकंदच उरतो, आणि त्यात गणपतीचं दर्शनही धड होत नाही. म्हणून एकच शॉट घ्यावा : माटोळी वर, मूर्ती खाली, कॅमेरा स्थिर. हलायची ती फक्त समईची ज्योत. मजकुराच्या रीलला एवढी हालचाल पुरते.

मजकूर कधी आणायचा, कधी काढायचा

पाच सेकंदांच्या रीलवर मजकूर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तसाच ठेवावा, कसलंही अ‍ॅनिमेशन न लावता. 30 फ्रेमच्या व्हिडिओत या 150 फ्रेम झाल्या. याला एक खास कारण आहे. रील संपली की लगेच पुन्हा सुरू होते. मजकूर त्याच जागी, त्याच आकारात शेवटच्या फ्रेमवरही असेल आणि पहिल्या फ्रेमवरही, तर फेरी बदलताना तो लुकलुकत नाही. एखाद्याचे शेवटचे दोन शब्द राहिले असतील तर तो तिथूनच पुढे वाचतो. मजकूर विरवला आणि पुन्हा उमटवला की ही सोय जाते.

उमटणं हवंच असेल तर पूर्ण मजकूर एकदम, सहा फ्रेममध्ये, म्हणजे 0.2 सेकंदात आणा. टाइपरायटर इफेक्ट देवनागरीत टाळाच. बरीच अ‍ॅप अक्षर तोडून टाइप करतात. ‘स्थिती’ उमटताना आधी ‘स’ येतो, मग ‘स्’, मग ‘स्थ’, आणि मग वेलांटी मागे उडी मारून ‘स्थ’च्या डावीकडे जाऊन बसते. म्हणजे वाचलेलं अक्षर डोळ्यादेखत बदलतं आणि वाचणारा प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळतो. काही ठिकाणी सुटी मात्रा ठिपक्यांच्या गोलावर बसलेली क्षणभर दिसते. रोमन लिपीत हा त्रास होत नाही, म्हणून तयार टेम्पलेटमध्ये तो कुणाच्या लक्षात आलेला नसतो. एकेक शब्द उमटवण्याची सोय असेल तर ती त्यातल्या त्यात बरी.

आणखी एक साधीच चूक पुन्हा पुन्हा होते. अनेक अ‍ॅपमध्ये टेक्स्टची लेयर टाकली की ती ठरावीक लांबीची येते, बहुधा व्हिडिओपेक्षा तोकडी. टाइमलाइनवर तिचं टोक ओढून व्हिडिओच्या टोकाला भिडवलं नाही तर मजकूर तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच नाहीसा होतो. गाण्याच्या ठेक्यावर कापणारं टेम्पलेट वापरलं तर पाच सेकंदांची क्लिप सव्वाचारचीही होऊन बसते. म्हणून एक्स्पोर्ट झालेल्या फाइलची लांबी गॅलरीत उघडून पाहा. ती 4.2 सेकंद भरली तर वाचायला उरतात 2.9 सेकंद आणि मर्यादा 14 अक्षरांवर येते.

ओळ दोन तुकड्यांत, एकामागून एक दाखवायची का? शक्यतो नको. दुसरा तुकडा आला की नजरेला पुन्हा स्थिरावावं लागतं, आणि पहिला हुकला तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. तरी करायचंच असेल तर दोन्ही तुकडे बरोबर एकाच जागी ठेवा, दोन्ही मिळून 15 अक्षरांच्या आत बसवा, आणि वेळ अक्षरांच्या प्रमाणात वाटा. सहा अक्षरांचा तुकडा पहिला असेल तर त्याला 2.2 सेकंद, नऊ अक्षरांच्या दुसऱ्याला 2.8. पहिल्याला जरा जास्त मिळाले आहेत, कारण चित्र ओळखण्याचा वेळ त्याच्याच वाट्याला येतो.

ओळ लहान आहे, तरी वाचता येत नाही

अक्षरं 18 च्या आत, मजकूर पूर्ण पाच सेकंद, आणि तरीही तक्रार असेल तर दोष दिसण्यात आहे. इथे दोन गोष्टी सगळ्यात जास्त नडतात.

पहिली, पार्श्वभूमी. गोव्यातल्या रीलचा निम्मा मसाला समुद्र, पाऊस आणि पाण्यावरचं ऊन. पांढरी अक्षरं ओल्या वाळूवर छान दिसतात, पण लाट येते आणि तिचा फेस अक्षरांखालून सरकतो. त्या वेळी मधले दोन शब्द गायब. थांबवलेल्या फ्रेमवर तपासलं तर हे कळत नाही, कारण आपण नेमकी चांगली फ्रेम थांबवतो. मजकुरामागे काळी पट्टी द्या, 50 ते 60 टक्के गडद. चित्र मागून दिसत राहतं आणि फेस आला तरी अक्षर तुटत नाही. नुसती सावली फेसावर पुरत नाही. सोनेरी किंवा पिवळी अक्षरं सूर्यास्तावर तर नकोतच.

दुसरी, जागा. रीलच्या वरच्या आणि खालच्या भागात अ‍ॅपची स्वतःची बटणं, खात्याचं नाव, कॅप्शन असतं. 1080 बाय 1920 च्या चौकटीत वरचे सुमारे 270 पिक्सेल, खालचे 670 आणि दोन्ही बाजूंचे 65 रिकामे सोडा. याचा अर्थ मजकूर चौकटीच्या बरोबर मध्यावर नको, थोडा वर हवा. आपल्या उदाहरणात माटोळी नेमकी वर आहे, म्हणून शॉट घेतानाच माटोळी आणि मूर्ती यांच्यामध्ये हाताभर मोकळी भिंत राहील असं पाहायचं. मजकुराची जागा शूटिंगच्या वेळी ठरते. नंतर ती शोधायला गेलं तर फळांवरच लिहावं लागतं.

अक्षराचा आकार 72 पिक्सेलच्या आसपास ठेवा. फोनवर ते साधारण साडेचार मिलिमीटरचं दिसतं. 56 च्या खाली गेलं की उकार आणि रफार ओळखू येत नाहीत. ओळींमधलं अंतर आकाराच्या 1.3 ते 1.4 पट हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची पट्टी शून्यावरच असू द्या, कारण ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. फॉन्ट बदलूनही अक्षरात काहीच फरक पडत नसेल तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि अ‍ॅप फोनचंच अक्षर वापरतं आहे असं समजा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, मध्यम जाडीचं, पुरेसं आहे.

एकाच रीलवर वर मराठी आणि खाली इंग्रजी लिहायचा मोह गोव्यात स्वाभाविक आहे, कारण पाहणारे दोन्ही तऱ्हेचे असतात. पण दोन लिप्या दिसल्या की कुठली वाचायची हे ठरवण्यातच वेळ जातो, आणि अनेकांची नजर दोन्हींवर अर्धी-अर्धी फिरते. पडद्यावर मराठी, कॅप्शनमध्ये इंग्रजी, हा मार्ग चालतो.

टाकण्याआधीची तपासणी

ओळ एकदा सावकाश मोठ्याने वाचा आणि फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ पाहा. चार सेकंदांच्या आत संपली नाही तर छाटणी राहिली आहे. मग रील अशा माणसाला द्या ज्याने ओळ आधी ऐकलेली नाही. एकदाच दाखवा, फोन काढून घ्या आणि काय लिहिलं होतं ते विचारा. ‘वाचता आलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे होच म्हणतात. ओळ जशीच्या तशी सांगता आली नाही तरी चालेल, अर्थ यायला हवा. पहिली ओळ सांगितली आणि दुसरी सुटली तर वेळ कमी पडला. मधलाच एखादा शब्द सुटला तर तिथे पार्श्वभूमी नडते आहे, त्या जागची फ्रेम पाहा. काहीच सांगता आलं नाही, पण चित्राचं वर्णन नीट आलं, तर चित्र मजकुरावर मात करतं आहे. तेव्हा मजकूर मोठा करण्यापेक्षा शॉट शांत करावा. हे सगळं एकदा उजेडात, ब्राइटनेस निम्मा ठेवून करा. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर दुपारच्या उन्हात जे वाचता येतं ते सगळीकडे येतं.

टाकल्यानंतरचे आकडे जपून वाचा. पाच सेकंदांच्या रीलचा सरासरी पाहण्याचा वेळ सात-आठ सेकंद आला तर लोक पुन्हा पाहताहेत एवढंच कळतं. आवडलं म्हणून की वाचून झालं नाही म्हणून, ते आकडा सांगत नाही. शेअर आणि सेव्हही सोबत वाढले असतील तर आवडलं असण्याची शक्यता जास्त. नुसता वेळच वाढला आणि बाकी काहीच हललं नाही, तर अक्षरं पुन्हा मोजा.

जी रील आधीच टाकली आहे तिच्या व्हिडिओतला मजकूर आता बदलता येत नाही, कॅप्शन मात्र बदलता येतं. पूर्ण ओळ कॅप्शनच्या अगदी सुरुवातीला, हॅशटॅगच्या आधी लिहून टाका, म्हणजे ‘पुढे वाचा’ न दाबताही ती दिसते. मूळ क्लिप मजकुराशिवाय जपून ठेवलेली असेल तर छाटलेली ओळ लावून नवी रील करायला दहा मिनिटं पुरतात. म्हणून एक्स्पोर्ट करताना एक प्रत नेहमी कोरी ठेवा, अक्षरं नसलेली.